वीज तोडण्यापूर्वीचे पंधरा दिवस

वीजबिलाच्या वादात दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळले की ग्राहकाची बाजू लंगडी पडते. पहिला प्रश्न असा, की बिल बरोबर आहे की चूक? दुसरा असा, की त्याचा निर्णय लागेपर्यंत वादग्रस्त पैसा कोणाच्या खिशात राहील आणि घरातला दिवा चालू राहील की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यथावकाश मिळते. दुसऱ्याचे मात्र तारखेआधी मिळावे लागते. भारतातील वीज कायद्याचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने वाचला तर तो बराच बोलका वाटतो. तो प्रशासनाच्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, म्हणून येथे मांडत आहे.

१९०३ चा कायदा बाजूला सारून १९१० मध्ये 'इंडियन इलेक्ट्रिसिटी ॲक्ट' आला. तेव्हा वीज ही मोजक्या शहरांतील मोजक्या घरांची आणि कारखान्यांची चैन होती. वीज पुरवणाऱ्या खाजगी परवानाधारक कंपन्यांना त्यांचा पैसा वसूल होण्याची हमी हवी होती, आणि कलम २४ ने ती दिली. ग्राहकाने आकार थकवला तर सात पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन कंपनीने पुरवठा तोडावा, त्यासाठी न्यायालयात जाण्याची गरज नाही. घरमालकाला भाडेकरू काढायचा तर दावा लावावा लागे, सावकारालाही वसुलीसाठी कचेरी गाठावी लागे. वीज कंपनीला मात्र एका माणसाला शिडी देऊन पाठवले की पुरे. खाजगी धनकोच्या हाती इतके थेट साधन देणारी तरतूद त्या काळच्या कायद्यांत क्वचितच आढळते.

या अधिकाराला त्याच कलमात एक लगाम होता, पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. ज्या वादाचा निर्णय कायद्याने विद्युत निरीक्षकाकडे सोपवला आहे, तो वाद नोटीस येण्यापूर्वीच निरीक्षकाकडे गेलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत वीज तोडता येत नसे. म्हणजे ग्राहकाने नोटिशीच्या आधी जागे व्हायला हवे. त्यातही कंपनीने लेखी मागणी केली तर वादातली रक्कम निरीक्षकाकडे अनामत ठेवावी लागे, आणि ती ठेवली नाही तर लगाम सुटे. याचा सरळ अर्थ असा, की बिल दहापट आले असेल तर दहापट रक्कम आधी उभी करायची आणि मग भांडायचे. ज्याच्याजवळ तेवढे पैसे आहेत त्याच्यापुरतेच हे संरक्षण होते.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म होती. निरीक्षकाकडे कोणता वाद जाई? कलम २६ च्या सहाव्या पोटकलमानुसार 'मीटर बरोबर आहे की नाही' हा. मीटर बिघडलेले आढळले तर निरीक्षक जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या काळासाठी खऱ्या वापराचा अंदाज करी. मध्य प्रदेश विद्युत मंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केले, की मीटरच्या बिनचूकपणाचा प्रश्न असेल तर तो निरीक्षकानेच सोडवायचा, मंडळाने परस्पर पुरवणी बिल काढायचे नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हा निकाल मोलाचा होता. पण मीटर धड असूनही बिल चुकीचे असेल तर काय? वाचन घेणाऱ्याने चारचा सात केला, घर बंद दिसले म्हणून महिनोन्‌महिने अंदाजाने बिल काढले आणि मग सगळी युनिटे एकाच महिन्यावर, वरच्या दराच्या टप्प्यात टाकली, किंवा शेजाऱ्याची वीज आपल्या मीटरात मोजली गेली, तर? हे वाद 'मीटर बरोबर की चूक' या चौकटीत बसत नव्हते, म्हणून निरीक्षकाचे छत्र त्यांच्यावर नव्हते. ग्राहकाला दिवाणी न्यायालयात मनाईहुकमासाठी धावावे लागे, आणि १९८६ नंतर ग्राहक मंचाकडे.

तिसरी गोष्ट जुन्या थकबाकीची. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ पक्षकार असलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये असे धरले, की दाव्याची मुदत संपली म्हणून कलम २४ खालचा मागणीचा आणि वीज तोडण्याचा अधिकार संपत नाही. म्हणजे न्यायालयात जी रक्कम मागता येणार नाही, ती शिडीवाल्या माणसाकरवी वसूल करता येत होती.

ही सगळी पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे २००३ च्या विद्युत अधिनियमातील कलम ५६ किती वेगळे आहे ते कळते. अधिनियमावर चर्चा झाली ती खाजगीकरणाची, मंडळांच्या विभाजनाची आणि नियामक आयोगांची. कलम ५६ कडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. त्याने नोटिशीची मुदत सातावरून पंधरा पूर्ण दिवसांवर नेली. 'पूर्ण' याचा अर्थ नोटीस मिळाल्याचा दिवस आणि वीज तोडण्याचा दिवस वगळून मधले पंधरा. खरा बदल मात्र त्याच्या परंतुकात आहे. ग्राहकाने निषेध नोंदवून पुढील दोहोंपैकी जी कमी असेल ती रक्कम भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही: एक तर मागितलेली पूर्ण रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत त्याने भरलेल्या आकाराच्या सरासरीने प्रत्येक महिन्याची होणारी रक्कम. येथे 'नोटीस येण्यापूर्वी' ही अट नाही, रक्कम निरीक्षकाकडे ठेवण्याची भानगड नाही, आणि वाद कोणत्या जातीचा असावा याचेही बंधन नाही. ग्राहक आणि परवानाधारक यांच्यातील 'कोणताही वाद' असा शब्द आहे. या एका शब्दाने जुन्या चौकटीबाहेर राहिलेले चुकीचे वाचन, अंदाजी बिल आणि वायरिंगचा घोळ हे सारे छत्राखाली आले.

या शब्दाची किंमत दिल्लीत लगेच कळली. १ जुलै २००२ रोजी दिल्ली विद्युत बोर्डाचे विभाजन होऊन वितरण खाजगी कंपन्यांकडे गेले आणि पुढच्या काही वर्षांत घरोघरची फिरत्या चकतीची जुनी मीटरे काढून इलेक्ट्रॉनिक मीटरे बसवली गेली. 'मीटर पळते' ही तक्रार त्या काळात शहरभर ऐकू येई. त्यातील सगळीच तक्रार खरी होती असे मी म्हणणार नाही. जुनी चकती वर्षानुवर्षांच्या घर्षणाने मंदावलेली असे आणि झिरोच्या दिव्यासारख्या लहान भारावर जवळजवळ हलत नसे, तर नवे मीटर तेवढेही मोजी. त्या घरांचे वाढलेले बिल हे बहुधा खरे बिल होते. परंतु दुसऱ्या काही घरांत बिल दुप्पट-तिप्पट होण्याचे कारण निराळेच होते.

चकतीचे मीटर साधारणपणे एकाच तारेतला, म्हणजे फेजमधला प्रवाह मोजी. याचा फायदा घेऊन काही लोक तारांची अदलाबदल करीत आणि परतीचा प्रवाह जमिनीत सोडून देत. ही चोरी पकडण्यासाठी नवी मीटरे फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतला प्रवाह पाहू लागली आणि जो अधिक असेल तो धरू लागली. सरळ वायरिंगच्या घरात फरक पडत नाही, कारण जेवढा प्रवाह फेजमधून येतो तेवढाच न्यूट्रलमधून परत जातो. पण दिल्लीतील कितीतरी घरे भावाभावांत वाटली गेलेली, मजल्यामजल्याने भाड्याने दिलेली. वायरमनने सोयीसाठी दोन मजल्यांचे न्यूट्रल कुठेतरी भिंतीत एकत्र जोडलेले असत. मग वरच्या मजल्यावरचा गीझर लागला की त्याचा परतीचा प्रवाह अंशतः खालच्या मीटरच्या न्यूट्रलमधून जाई, आणि खालचे मीटर तो आपला म्हणून मोजी. वरच्याच्या मीटरात तो फेजमधून आधीच मोजलेला असे. एकच युनिट दोन घरांना विकले जाई आणि तरीही दोन्ही मीटरे प्रयोगशाळेत उत्तम ठरत.

त्या वर्षांत दिल्लीत असताना अशा एका प्रकरणाचे कागद माझ्या पाहण्यात आले. पश्चिम दिल्लीतील तीन मजली घराच्या तळमजल्यावर एक निवृत्त मराठी गृहस्थ सपत्नीक राहत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत. तेव्हा बिल दोन महिन्यांनी येई. त्यांची मागची तीन बिले ११६०, १२४० आणि ११९० रुपयांची होती. मीटर बदलल्यानंतरचे बिल आले ४८७० रुपयांचे, आणि ते न भरल्यामुळे काही दिवसांनी नोटीसही आली. काका कार्यालयात गेले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, "आधी पूर्ण बिल भरा, मग तक्रार करा, चूक निघाली तर पुढच्या बिलात वळते करू." १९१० चा कायदा जाऊन दोन वर्षे झाली होती, पण खिडकीमागे तो अजून जिवंत होता.

हिशेब सोपा आहे. सहा महिन्यांत काकांनी भरलेली एकूण रक्कम ३५९० रुपये, म्हणून महिन्याची सरासरी ५९८ रुपये ३३ पैसे. वादातले बिल दोन महिन्यांचे, म्हणून ११९७ रुपये. ही मागितलेल्या ४८७० पेक्षा कमी, तेव्हा कलम ५६ प्रमाणे एवढीच भरायची. खिडकीवरच्या संगणकाने अपुरी रक्कम घेतली नाही. तेव्हा काकांनी ११९७ रुपयांचा डिमांड ड्राफ्ट नोंदणीकृत टपालाने पाठवला आणि सोबत छोटे पत्र जोडले. त्यात ग्राहक क्रमांक, बिलाचा आणि नोटिशीचा दिनांक, मागच्या तीन बिलांचे आकडे, सरासरीचा हिशेब, आणि शेवटी एक वाक्य होते: "सदर रक्कम मी विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६(१) च्या परंतुकानुसार, निषेध नोंदवून आणि माझे सर्व हक्क राखून भरीत आहे, वादाचा निर्णय होईपर्यंत पुरवठा खंडित करता येणार नाही." पोचपावती त्यांनी बिलाला टाचून ठेवली. शिडीवाला माणूस आला तेव्हा त्याने ती पाहिली, साहेबांना फोन केला आणि परत गेला.

येथे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे निषेधाची रक्कम एकदा भरून भागत नाही. परंतुकात 'प्रत्येक महिन्याचा' असे आहे, म्हणून वाद चालू असेपर्यंत पुढची बिलेही वेळेवर भरत राहिली पाहिजेत, अन्यथा नव्या थकबाकीची नवी नोटीस येते आणि ती कायदेशीर असते. दुसरे असे, की रक्कम भरली म्हणजे वाद सुरू झाला असे नव्हे. वाद कुठेतरी लेखी नोंदलेला हवा. त्यासाठी अधिनियमाच्या कलम ४२ ने प्रत्येक वितरण परवानाधारकाला ग्राहक तक्रार निवारण मंच बंधनकारक केला आणि त्यावर विद्युत लोकपाल नेमला. काकांनी कंपनीकडे तक्रार देऊन तिचा क्रमांक घेतला होता आणि मग मंचाकडे अर्ज केला.

मीटरची तपासणी झाली. चूक निघाली एका टक्क्याहूनही कमी, म्हणजे मर्यादेच्या आत. पुष्कळ तक्रारी येथेच संपतात, कारण ग्राहकाने विचारलेला प्रश्न 'मीटर पळते का' एवढाच असतो आणि त्याचे उत्तर 'नाही' असे खरोखरच असते. काकांच्या पुतण्याला मात्र मीटरवरचा अर्थ लीकेजचा लहान लाल दिवा सतत पेटलेला दिसला होता. त्याने घरातील सर्व उपकरणे बंद केली, मेन स्विच चालू ठेवला आणि पाहिले, तर मीटरचा लुकलुकणारा दिवा थांबेना. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला गीझर बंद करायला सांगितला, आणि लुकलुक थांबली.

ही लुकलुक मोजताही येते. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती ठोके ते छापलेले असते, समजा ३२००. एक हजार वॅटचे उपकरण एकटे सहा मिनिटे चालवले तर युनिटचा दहावा भाग खर्च होतो, म्हणजे सुमारे ३२० ठोके पडायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर उपकरण कमी वीज घेते आणि ठोके कमी पडतात, म्हणून दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकावरून कोणावर आरोप करू नये. पण सहाशे ठोके पडले तर शोध घ्यायलाच हवा. हा घरगुती प्रयोग पुरावा म्हणून टिकत नाही. मंचाला कोणती तपासणी करायला सांगायचे, ते मात्र त्यातून समजते.

मंचापुढे कंपनीचे म्हणणे असे, की मीटरच्या पुढची वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी. ते चुकीचे नव्हते. काकांचे म्हणणे असे, की वरच्या मजल्याची युनिटे वरच्याकडून वसूल झालीच आहेत, तीच पुन्हा माझ्याकडून कशी घेता? तेही चुकीचे नव्हते. मंचाने वायरिंग वेगळी करून घ्यायला सांगितले आणि ते एक बिल सरासरीने सुधारून दिले. न्यूट्रल वेगळे केल्यानंतरचे बिल तेराशेच्या आसपास आले. पूर्वीच्या कायद्याखाली हे प्रकरण 'मीटर बरोबर आहे' या अहवालावर निकाली निघाले असते आणि काकांचे ४८७० रुपये केव्हाच जमा झाले असते.

हे छत्र कुठे संपते तेही नोंदवले पाहिजे. सरासरी मागच्या सहा महिन्यांची असल्याने नव्या ग्राहकाला तिचा आधार नसतो, आणि फुगलेली बिले निमूटपणे सहा महिने भरत राहिलेल्याची सरासरीही फुगलेलीच निघते. म्हणून पहिल्याच संशयास्पद बिलावर लिहावे. त्याहून मोठी सीमा कलम १२६ ची आहे. कंपनीने प्रकरणाला 'अनधिकृत वापर' असे नाव दिले की रस्ता बदलतो. तात्पुरती आकारणी येते, तिच्यावर हरकत घ्यावी लागते, आणि अंतिम आकारणीवर तीस दिवसांत अपील करायचे तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. मूळ अधिनियमात ती एकतृतीयांश होती, २००७ च्या दुरुस्तीने निम्मी झाली. अशी आकारणी ग्राहक मंचात आव्हानित करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात ठरवले. तेव्हा हाती आलेला कागद बिल आहे की आकारणीचा आदेश, आणि त्यावर कोणते कलम लिहिले आहे, हे वाचल्याशिवाय उत्तर लिहायला बसू नये. सरकारी कागद शेवटून वाचावा अशी माझी जुनी सवय आहे, कलम बहुधा तिथेच असते.

जुन्या थकबाकीचे काय झाले? कलम ५६ च्या दुसऱ्या पोटकलमाने दोन वर्षांची मुदत घातली. रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर, ती सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर, वसूल करता येत नाही आणि वीजही तोडता येत नाही. 'प्रथम देय' केव्हा, यावर बराच खल झाला. अजमेर विद्युत वितरण निगमच्या प्रकरणात कंपनीने २००९ ते २०११ या काळात चुकीच्या दराने बिले काढली होती आणि २०१४ मध्ये फरकाचे २९,२०४ रुपये मागितले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये सांगितले, की चूक लक्षात आल्यावर फरकाची मागणी करता येईल, पण त्यासाठी पुरवठा तोडण्याचा धाक वापरता येणार नाही. १९९७ च्या निकालाशेजारी हा ठेवून पाहावा. तेव्हा दावा बुडाला तरी शिडी शाबूत होती. आता मागणी शाबूत राहिली आणि शिडी काढून घेतली. २०२१ मध्ये हरियाणातील एका गिरणीच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने बिल काढल्यावरच रक्कम देय होते यावर भर दिला, म्हणून केवळ 'दोन वर्षे झाली' एवढ्यावर ग्राहकाने विसंबू नये.

आता शिडीच राहिलेली नाही. स्मार्ट मीटरचा पुरवठा दूरवरून एका आज्ञेने बंद होतो, आणि प्रीपेड असेल तर शिल्लक संपली की संपला. जिथे पैसा आधीच दिलेला असतो तिथे 'थकबाकी' हा शब्दच लागू होत नाही. मग पंधरा दिवसांची नोटीस कोणत्या घटनेपासून मोजायची, हा प्रश्न उभा राहतो. याउलट एक उपयुक्त तरतूदही आली आहे. ग्राहक हक्क नियम डिसेंबर २०२० मध्ये झाले, आणि फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार वाचन खऱ्या वापराशी जुळत नसल्याची तक्रार आल्यास पाच दिवसांत अतिरिक्त मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करायची आहे. परंतु घराचे न्यूट्रल शेजाऱ्याच्या न्यूट्रलशी जोडलेले असेल, तर मूळ मीटरशेजारी त्याच तारांवर बसवलेले त्याच जातीचे दुसरे मीटरही तोच परतीचा प्रवाह मोजील आणि दोघांचे आकडे तंतोतंत जुळतील. म्हणून तक्रारीत 'मीटर तपासा' याच्यापुढे 'न्यूट्रल वेगळे आहे की नाही, तेही माझ्या समक्ष तपासा आणि अहवालात लिहा' हे शब्द घालावेत, आणि त्या पत्राची पोच घ्यावी.